अक्षता कोणत्या साडीवर? ठाण्यातल्या एका लग्नाचं प्रकरण

नौपाड्यात माझं फॉल-बीडिंगचं दुकान आहे आणि लग्नसराईत मी नवऱ्या नेसवायला जाते. हे प्रकरण वैशाखातल्या एका लग्नाचं. नवरीला मुक्ता म्हणू, खरं नाव वेगळं आहे. तिच्या आईचं आणि सासूबाईंचं नाव सांगायची गरजच पडणार नाही, कारण दुकानात मुक्ता एकीला ‘आई’ म्हणायची आणि दुसरीला ‘अहो आई’, आणि दोन दिवसांत आम्ही सगळ्याही तेच म्हणायला लागलो.

माहेर चरईतलं, सासर ऐरोलीचं. लग्न ठाण्यातच, दुपारी 12 वाजून 21 मिनिटांच्या मुहूर्तावर. बस्ता बांधून झाला होता, मानपानाच्या याद्या झाल्या होत्या, कशावरून कुरबुर नव्हती. अडलं ते एका साडीवर. साड्या दोन होत्या, दोन्ही पैठण्या, आणि दोन्ही आयांचं म्हणणं एकच: अंतरपाट धरला जाईल, अक्षता पडतील, तेव्हा पोरीच्या अंगावर मी दिलेली साडी हवी.

या बाबतीत घरोघरी चाली वेगळ्या असतात. बऱ्याच घरांत नवरी मामाने आणलेली पिवळी साडी नेसून गौरीहर पुजते आणि तशीच बोहल्यावर उभी राहते, सासरचा शालू त्यानंतर येतो. काही घरांत गौरीहराची साडी बदलून सासरची नेसवल्याशिवाय मुलगी मांडवात आणत नाहीत. मुक्ताच्या आजोळी तिसरीच रीत होती. तिच्या आईने 1991 साली स्वतःच्या लग्नात अक्षतांच्या वेळी वडिलांनी येवल्याहून आणलेली पैठणी नेसली होती, आणि मुलीने तीच नेसावी हे ती मुलगी पाळण्यात असल्यापासून बोलून दाखवत होती. म्हणजे शास्त्राने यात कोणाचीच बाजू घेतलेली नव्हती. गुरुजींना विचारलं तेव्हा ते म्हणाले, धूतवस्त्र असलं की झालं, बाकी तुमचं तुम्ही बघा. गुरुजी शहाणे असतात.

सासूबाईंची बाजूही हलकी नव्हती. त्यांना दोन मुलगे, मुलगी नाही. पहिल्या सुनेच्या साडीसाठी त्यांनी भिशी लावली होती आणि ती उचलून ठाण्यातल्या एका प्रदर्शनातून बावीस हजारांची पैठणी घेतली होती. राणी रंगाची, मोरपंखी काठांची. “घडी सुनेनेच मोडायची,” असं म्हणून त्यांनी ती दुकानात माझ्यासमोर ठेवली, तेव्हा पिशवीतून काढतानासुद्धा दोन्ही हातांनी काढली.

मुक्ता दोन्ही साड्या घेऊन आली ती फॉल लावायला. तिला माझ्याकडून सल्ला नको होता. पण फॉल लावायला साडी पूर्ण उलगडावी लागते आणि उलटी करावी लागते, आणि साडीची उलटी बाजू काय ते सगळं सांगून टाकते.

आईची साडी

वांगी रंग, नारळी काठ, पदरावर बांगडी मोर. पदर हातात घेतला की पुढचा कुठला आणि मागचा कुठला हे चटकन सांगता येत नाही, इतका दोन्हीकडून सारखा. हातमागाच्या पदरावर विणकर प्रत्येक मोराचा, प्रत्येक पानाचा धागा वेगळा हाताळतो, रंग संपला की तिथेच वळवतो आणि शेजारच्या धाग्यात अडकवतो. त्यामुळे मागे लोंबते धागे राहत नाहीत. काठ आणि अंग जिथे मिळतात तिथेही दोन रंगांचे आडवे धागे एकमेकांत गुंतवलेले होते. जरी अस्सल होती. एका जागी ती किंचित उसवली होती आणि आत लालसर रेशमाचा गाभा दिसत होता. त्या काळात हातात पैसा आला की माणसं सोन्यासारखीच जरीकडे बघायची आणि अडचण आली की जुन्या जरीवाल्याला काठ-पदर वितळवायला द्यायची. ही साडी त्यातून वाचली होती, बोहारणीच्या भांड्यांतूनही वाचली होती.

पण ती जवळजवळ पूर्ण वेळ एकाच घडीत राहिली होती. गोदरेजच्या कपाटात, प्लास्टिकच्या पिशवीत, डांबरगोळ्यांसकट. वर्षातून एकदा बाहेर काढायची, बघायची, परत त्याच घडीवर घडी घालून ठेवायची. रेशमाला हे सोसत नाही. घडीच्या रेषेवर धागा वर्षानुवर्षं एकाच जागी मोडलेला राहतो, वर जरीच्या धातूचं ओझं, आत कधीतरीच्या घामाचे क्षार, आणि मग तो धागा तिथे विरतो. मी साडी खिडकीशी उजेडासमोर धरली. चार घड्या अगदी स्पष्ट दिसल्या: रेषेवर उजेड जरा जास्त आत येत होता, चाळणीतून यावा तसा. एका घडीवर मी दोन्ही हातांच्या अंगठ्यांनी कापड हलकेच, अगदी हलकेच, दोन बाजूंना ओढलं. बारीक ‘चर्र’ झालं. बोटाच्या पेरापेक्षाही लहान फट, पण फट.

ही परीक्षा घरी करू नका, करायचीच असेल तर आत खोचल्या जाणाऱ्या टोकाला करा. उजेडासमोर धरून बघितलं तरी पुरेसं कळतं.

सगळ्यात वाईट घडी पदर सुरू होतो तिथे होती. जरीने भरलेला पदर जड, अंगाचं कापड हलकं, आणि नेसल्यावर पदराचं सगळं वजन नेमकं त्या जोडावर लोंबणार. साडीला पॉलिश करून द्या, असं मुक्ताच्या आईने चिठ्ठीत लिहिलं होतं. मी लगेच फोन करून नाही म्हटलं. पॉलिशला साडी रुळांतून ताणून काढतात. नव्या साडीला त्याने तकाकी येते, पण या साडीच्या तिथे पट्ट्या झाल्या असत्या.

सासूबाईंची साडी

तिला नेसवायला काहीच अडचण नव्हती. कापड दणकट, रंग पक्का, काठ ताठ. उलटी केली तेव्हा पदराच्या मागे मोरांच्या आकाराबाहेर धागे तरंगत होते आणि ते कात्रीने एका पातळीत छाटलेले होते. तेवढ्यावरून काही म्हणता येत नाही, कारण येवल्यालाही नक्षीचे धागे आपोआप उचलणाऱ्या जॅकार्डवर ब्रोकेड काठांच्या पैठण्या हातमागावर होतात आणि त्यांच्या काठांची मागची बाजू अशीच वेगळी दिसते. काठ बघून निकाल देणारे बरेच जण इथे फसतात. पदर बघायचा असतो. या साडीचा पदरही मागून तसाच होता, आणि पदरावरचे सगळे मोर एका साच्यातून काढल्यासारखे, मान नि मान सारखी. हाताने विणलेले दोन मोर कधी इतके सारखे नसतात, एखादा जरा जाडा असतोच. साडी यंत्रमागावरची होती.

पिशवीत सिल्क मार्कचं लेबल होतं, आणि त्यावरच सासूबाईंचा विश्वास बसला होता. लेबल खोटं नव्हतं. सिल्क मार्क एवढंच सांगतो की कापड शुद्ध रेशमाचं आहे. ते हाताने विणलं की यंत्राने, याच्याशी त्याचा संबंध नाही, त्यासाठी हँडलूम मार्क वेगळा असतो. विकणाऱ्याने लेबल दाखवलं आणि “हातमागाची येवल्याची” हे वाक्य तोंडी जोडलं, असं काहीतरी झालं असणार. रेशीम खरं होतं, किंमत मात्र हातमागाची घेतली होती.

मुक्ताने मला सरळ विचारलं, “काकू, अहो आईंची साडी खरी आहे ना?” तिच्या विचारण्यातच तिला संशय आहे हे कळत होतं. मी तिला एकटीला आत नेलं, दोन्ही पदर शेजारी शेजारी उलटे ठेवले आणि दाखवलं. विचारलं नसतं तर मी सांगितलं नसतं, कारण साडी परत करायची मुदत कधीच गेली होती आणि बावीस हजार परत मिळणार नव्हते.

ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, “हे कोणाला सांगू नका.”

आईला कळलंच

दोन दिवसांनी मुक्ताची आई साड्या न्यायला आली. ती येवल्याच्या बाजूचीच, लहानपणी गल्लीत माग बघितलेली. राणी साडीची घडी घालायला तिने हात लावला आणि सवयीने पदर उलटला. मी बघत होते. तिचा चेहरा आधी कोरा झाला, मग लाल.

“ही यंत्रावरची आहे,” ती म्हणाली. “आणि माझ्या वडिलांनी आणलेली साडी कपाटात ठेवून माझी पोर ही नेसून उभी राहायची?”

माझ्या अनुभवात वाद खरा पेटतो तो इथे. तोवर दोघींची बाजू मायेची असते आणि मायेपुढे माया ठेवून काहीतरी तोडगा निघतो. एकीच्या हातात दुसरीचं उणं आलं की तोडग्याची इच्छाच संपते, कारण आता आपली बाजू बरोबर असल्याचा पुरावा मिळालेला असतो. मुक्ताच्या आईला त्या क्षणी ऐरोलीला फोन करायचा होता. म्हणजे भांडायला नाही, “फक्त विहीणबाईंच्या कानावर घालायचं, त्या फसल्यात बिचाऱ्या.” असल्या ‘बिचाऱ्या’ मी पुष्कळ ऐकल्या आहेत.

मुक्ताने आईच्या हातातून फोन काढून घेतला. “आई, मागची बाजू बघायची नाही.”

“अगं पण—”

“नाही म्हणजे नाही. त्यांनी भिशी लावून घेतलीय. आणि तू हे सांगितलंस, तर उद्या मी तुझी साडी नेसले तरी त्या म्हणतील, आमची खोटी म्हणून नेसली नाही. मग तुझी साडी मी नेसलेच नाही. पुरावा नेसला.”

मला वाटतं, निर्णय तिथेच झाला होता, फक्त कसा हे तिचं तिला ठरायचं होतं. तिला आईचीच साडी हवी होती. हे तिने मला आधी सांगितलं होतं आणि त्यात लपवण्यासारखं काही नव्हतं. पण त्यासाठी ती सासूबाईंच्या साडीचा दोष वापरणार नव्हती. मग दुसरं कारण लागत होतं, आणि ते खरं असायला हवं होतं.

मी सुचवलेली एक वाट तिने लगेच नाकारली. आईच्या साडीचा पदर आणि काठ कापून नव्या रेशमावर बसवून घ्यायचे, तसं हल्ली पुष्कळ जणी करतात. साडी वाचते, टिकते, फोटोत तीच दिसते. मुक्ता म्हणाली, कात्री लावायची नाही. दुसरी वाट नऊवारी शिवून घेण्याची, तीही कात्रीचीच. साडीच्या पाठीला सगळीकडे जाळी लावून घेणं शक्य होतं, पण त्याला वेळ लागतो आणि जाळीवर साडी फुगते, चुण्या पडत नाहीत. मुहूर्त तीन आठवड्यांवर होता.

साडीला काय झेपतं

मग आम्ही उलट्या बाजूने हिशोब मांडला. साडी कोणती नेसायची हे बाजूला ठेवून, लग्नाच्या प्रत्येक विधीत साडीला काय काय सोसावं लागतं ते बघितलं. हे नेसवणाऱ्या बायकांना पाठ असतं, घरच्यांना नसतं.

गौरीहराला नवरी पाटावर मांडी घालून बसते, अर्धा-पाऊण तास. मांडी घातली की गुडघ्यावर आणि मागे बसण्यावर कापड ताणलं जातं, आणि उठताना एक हिसका बसतोच. कन्यादानात हातावर पाण्याची धार, ती निऱ्यांवर सांडते. पाण्याने अस्सल जरी काळवंडते आणि जुना वांगी रंग काठात उतरू शकतो. विवाहहोमात तूप, धूर, लाह्या टाकताना पुढे वाकणं, आणि क्वचित ठिणगी. सप्तपदीत पावलागणिक निऱ्यांना ताण. आणि नवऱ्याच्या उपरण्याशी मारलेली गाठ! गाठ पदराला मारली तर तो चालताना पदर ओढतो, नवऱ्यांना गाठ लक्षात राहत नाही. शेल्याला मारली तर निभावतं.

या सगळ्यात एकच प्रसंग असा आहे की त्यात नवरी जवळजवळ हलत नाही: अंतरपाट. मंगलाष्टकं होईपर्यंत ती उभी असते, हातात हार, नजर खाली. दहा-पंधरा मिनिटं. बसणं नाही, वाकणं नाही, पाणी नाही, अग्नी नाही. अक्षतांचं कुंकू तेवढं पडतं.

म्हणजे आईची विरलेली साडी फक्त एकाच वेळी नेसता येणार होती, आणि ती वेळ नेमकी तीच होती जिच्यावर दोघींचा डोळा होता. सासूबाईंची साडी दणकट असल्यामुळे बाकी सगळ्या विधींना चालणार होती. आईच्या साडीला तो मान मिळणार होता तो तिच्या दुबळेपणामुळे. मुक्ताला हे ऐकून हसू आलं. तिच्या आईला आलं नाही.

मुक्ता एकटीच ऐरोलीला गेली, आईची साडी बरोबर घेऊन. तिथे काय झालं ते तिने मला नंतर सांगितलं. तिने सासूबाईंना खिडकीपाशी नेलं आणि साडी उजेडासमोर धरली. म्हणाली, “अहो आई, ही बघा. ही परत कधीच नेसता येणार नाही. फक्त उभं राहण्यापुरती टिकेल. तुमची साडी नेसून मी पुढचं सगळं करेन, होम, सप्तपदी, आणि तीच नेसून तुमच्या घरात माप ओलांडेन.”

सासूबाई गप्प. मग म्हणाल्या, “फोटो अक्षतांचेच लावतात भिंतीवर.”

खरं होतं ते, आणि मुक्ताने खोडलं नाही. त्यांना वाईट वाटलं होतं आणि ते त्यांनी लपवलंही नाही. चहा झाला, विषय बदलला, आणि निघताना दारात त्यांनी अट घातली: मंगळसूत्र गळ्यात पडेल तेव्हा माझी साडी अंगावर पाहिजे. मुक्ता हो म्हणून आली.

हो म्हणून आली आणि मला फोन केला, “काकू, अक्षता आणि मंगळसूत्र यांच्यामध्ये किती वेळ असतो?”

मधली वेळ

फार नसतो. अक्षता पडल्या की हार घालणं, वाजंत्री, आशीर्वादाला पुढे सरसावलेली माणसं, आणि पंगती बसल्या की गुरुजी कन्यादानाला बोलावतात. त्यापाठोपाठ मंगळसूत्र. मी गुरुजींशी बोलून घेतलं. त्यांनी वीस मिनिटं दिली आणि सांगितलं की एकविसाव्या मिनिटाला मी हाक मारेन, साडी अर्धी असली तरी. नवरीची खोली पहिल्या मजल्यावर, जिना अरुंद. आईच्या साडीत जिना चढणं म्हणजे निऱ्या आणि पायऱ्या, नकोच. म्हणून बोहल्यामागच्या सामानाच्या खोलीतल्या खुर्च्या बाहेर काढून तिथे पडदा लावला.

आईच्या साडीची तयारी आदल्या दिवशी दुकानातच केली. तेवढ्याच लांबीची, साडेपाच मीटरची, एक जुनी सुती साडी घेतली, पैठणीच्या घड्या जिथे जिथे होत्या तिथे तिच्यावर रंगीत दोऱ्याने खुणा केल्या, आणि ती आधी मुक्ताला नेसवली. कोणती खूण कुठे येते ते बघायला. एक गुडघ्यावर येत होती, एक डाव्या खांद्यावर. निऱ्या एकीने कमी केल्या आणि आत थोडी जास्त खोचली, तेव्हा दोन्ही खुणा सरकून निऱ्यांच्या आत आणि पाठीमागे गेल्या. पदराच्या जोडाची घडी काही केल्या टळेना. तिथे मागून पातळ मलमलचा पट्टा कच्च्या टाक्याने लावला, खांद्यापासून कमरेपर्यंत, म्हणजे पदराचं वजन मलमल उचलेल आणि रेशीम नुसतं वर राहील. पिन लावायची ती त्या मलमलला, रेशमातून एकही नाही. निऱ्या टेबलावरच घालून वरच्या कडेला सुती पट्टीवर टाकल्या, अंगावर ओढाताण करायला नको म्हणून. इस्त्री फक्त वरून कापड ठेवून, कोमट.

आणि अत्तर नाही. जरीला अत्तर लागलं की तिथे काळा डाग येतो. नवरीच्या मावशीला हे तीनदा सांगावं लागलं.

वैशाखातलं ठाणं. कार्यालयात एसी होता पण बोहल्यावर दिव्यांची धग. काखेतला घाम साडीपर्यंत जाऊ नये म्हणून ब्लाऊजला आतून जाड अस्तर घेतलं होतं. ब्लाऊज नवाच शिवला, आईचा तिला बसणं शक्य नव्हतं.

मंगलाष्टकं सुरू झाली तेव्हा मी खांबाआड उभी होते आणि बाकी सगळे मुलीच्या चेहऱ्याकडे बघत असताना माझी नजर पदराच्या जोडावर होती. कोणीतरी हौशी काकांनी स्वतः रचलेलं सहा कडव्यांचं मंगलाष्टक म्हटलं. तेवढं आमच्या हिशोबात नव्हतं. हार घालताना नवऱ्याच्या मित्रांनी त्याला वर उचललं, आता नवरीलाही उचलणार हे दिसत होतं, आणि तिचा मामा पुढे सरकलासुद्धा. मुक्ताने हाताने थांबवलं. नवरा समजूतदार, त्यानेच खाली वाकून मान पुढे केली.

सामानाच्या खोलीत आम्ही दोघी आणि सासूबाई. त्या आपणहून आल्या होत्या. मला वाटलं होतं त्या राणी साडी हातात धरून उभ्या राहतील, पण त्यांनी आधी आईची साडी उतरवून घेतली. मी टाके कापत होते आणि त्या खालून दोन्ही हातांवर कापड झेलत होत्या, जमिनीला लागू न देता. पदराच्या मागे एका घडीवर तीनेक इंचाची चीर गेली होती, पाठीमागे, कोणाला दिसली नव्हती. त्यांनी ती बघितली, काही बोलल्या नाहीत, साडी गुंडाळून मुक्ताच्या आईकडे पाठवून दिली. राणी पैठणी नेसवायला सात मिनिटं लागली. अशा कापडाला फार लाड लागत नाहीत, निरी घातली की उभी राहते. गुरुजींनी हाक मारायच्या आत मुलगी पाटावर होती.

मंगळसूत्र, होम, सप्तपदी, ऐरणीदान, सगळं त्या साडीत झालं. लाह्या टाकताना तुपाचा एक ओघळ काठावर पडला, तो नंतर ड्रायक्लीनमध्ये गेला. आईच्या साडीवरचं अक्षतांचं कुंकू गेलं नाही, आणि मी घालवण्याच्या फंदात पडलेही नाही. जुन्या रेशमावर डाग काढायला घासलं तर डागाच्या जागी भोक मिळतं.

नंतर

आईची साडी मी लग्नानंतर घेतली. चीर पडली त्या जागेला आणि चारही घड्यांना मागून जाळी लावली, रफू केलं नाही, कारण रफूचा धागा ताठ असतो आणि शेजारचं रेशीम कापतो. आता ती दांड्यावर मलमलमध्ये गुंडाळून ठेवली आहे, घडी घालूनच नाही. दांडा म्हणजे खरं तर कापडाच्या ठाणाचा पुठ्ठ्याचा रूळ, त्यावर सुती कापड चढवलेलं. मुक्ताच्या आईला ते आवडलं नाही, साडी म्हटलं की घडीच हवी. अजून मुक्ताच्या घरी गेली की रूळाकडे बघून काहीतरी पुटपुटते. विहिणीच्या साडीबद्दल मात्र तिने आजवर अवाक्षर काढलेलं नाही, निदान माझ्यासमोर. मनातून ती ते विसरली असेल असं मला वाटत नाही.

राणी पैठणी मुक्ता श्रावणात मंगळागौरीला नेसली. फुगड्या, झिम्मा, सगळं त्यात झालं, साडीला काही झालं नाही.

दिवाळीआधी सासूबाईंचा फोन आला. धाकट्या मुलाचं ठरलं होतं आणि दुसऱ्या सुनेसाठी साडी बघायची होती. दुकानात मला बरोबर न्यायचं होतं. मी गेले. विकणाऱ्याने एक हिरवी पैठणी पसरली, सिल्क मार्क दाखवला, हातमागाची म्हणाला. सासूबाईंनी किंमत विचारायच्या आधी पदर उलटा केला, माझ्याकडे न बघताच म्हणाल्या, “काठ जॅकार्डचा दिसतोय. पदर हाताचा आहे ना गं?”

मी जवळून बघितलं. पदर हाताचा होता, मागून स्वच्छ, आणि तिसरा मोर बाकीच्यांपेक्षा जरा ठेंगणा. हो म्हटलं. त्यांनी पुढचा अर्धा तास ब्रोकेड काठावर घासाघीस केली आणि साडेतीन हजार कमी करून साडी घेतली.